रिसेप्शनिस्ट पाहिजे: आपल्या दवाखान्याची जाहिरात आणि तिच्यातला शब्द न् शब्द



नवापूर तालुक्यातील आपल्या दवाखान्यात रिसेप्शनिस्टची एक जागा भरायची आहे. तिची जाहिरात या लेखात पुढे पूर्ण दिली आहे. यावेळी ती नेहमीपेक्षा लांब आहे, आणि काहींना जरा कोरडीही वाटेल. पण ती तशी का लिहिली हे आपणा सर्वांना कळायला हवे, कारण उपासनेनंतर ती वाचून दाखवणारे आणि भाचीला, शेजारणीच्या मुलाला सांगणारे आपणच आहात.

कमिटीपुढे जो पहिला मसुदा आला तो चार ओळींचा होता: ‘सुवर्णसंधी! नामांकित मिशन दवाखान्यास स्मार्ट, हसतमुख, अविवाहित रिसेप्शनिस्ट पाहिजे. इंग्रजीवर प्रभुत्व, एमएस-सीआयटी व अनुभव आवश्यक. आकर्षक पगार, कायम नोकरीची संधी. फोटोसह त्वरित अर्ज करा.’ अशा जाहिराती आपण बसस्टँडच्या भिंतीवर रोज पाहतो, त्यामुळे त्यात काही चुकीचे आहे असे पटकन वाटत नाही. आम्ही मात्र ती बाजूला ठेवली आणि आधी एक दिवस केसपेपरच्या खिडकीवर होणारे काम लिहून काढले.

ते काम असे आहे. सकाळी साडेआठला खिडकी उघडते, तेव्हा बाहेर तीस-चाळीस माणसे बसलेली असतात. प्रत्येकाचे नाव, वय, गाव विचारून केसपेपर काढायचा. यात नाव एवढेच पुरत नाही, कारण एका गावात एकाच नावाच्या तीन बाया सहज निघतात. म्हणून नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, गाव आणि पाडा विचारावा लागतो. नाहीतर एकीचा रिपोर्ट दुसरीच्या कागदाला लागतो. म्हाताऱ्या माणसाला वय ठाऊक नसते. तेव्हा थोरला मुलगा केवढा, लग्न होऊन किती पावसाळे झाले असे विचारत अंदाज बांधायचा आणि तो अंदाज आहे अशी खूण करायची. मग टोकन द्यायचे, वीस रुपये घ्यायचे, संध्याकाळी पैशांचा हिशेब जुळवायचा.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रांग कधी मोडायची हे ओळखणे. साप चावलेला माणूस, कळा सुरू झालेली बाई, झटके येणारे किंवा श्वास ओढणारे मूल आले, तर नाव-गाव नंतर, आधी सिस्टरला हाक. आणि उलट बाजूने, क्षयाचे औषध घ्यायला कोण येते हे खिडकीवरच्या माणसाला रोज दिसते. ते बाजारात कुणाच्या कानी जाता कामा नये.

आता हे काम समोर ठेवून मसुद्यातले शब्द पुन्हा वाचा.

‘इंग्रजीवर प्रभुत्व’ कशासाठी? औषधांची इंग्रजी नावे डॉक्टर आणि फार्मासिस्ट वाचतात. खिडकीवर येणारा माणूस मावची बोलतो, काही कोकणी, काही भिली, आणि सीमेपलीकडून उच्छल-सोनगडहून येणारे गामीत किंवा गुजराती. मराठी लिहिता-वाचता येणारा आणि मावची समजणारा, बोलणारा माणूस आपल्याला पाहिजे. म्हणून जाहिरातीत बोलीची अट घातली आणि इंग्रजीची काढली. याचा दुसराही एक परिणाम आहे. ‘आदिवासींना प्राधान्य’ असे मोघम लिहिले की प्राधान्य म्हणजे किती हे कुणालाच कळत नाही, आणि निवड न झालेला प्रत्येक जण आपल्याला फसवले असे समजतो. बोली ही मात्र कामाची खरी गरज आहे. ती येणारी मुले-मुली पाड्यांतच आहेत, आणि ज्या बिगरआदिवासी शेजाऱ्याला ती येते त्यालाही दार बंद होत नाही.

एमएस-सीआयटीचेही तसेच. आपल्याकडे नोंदणीसाठी जो संगणक आहे त्यावर सहा-सात रकाने भरायचे असतात. दहावी झालेली व्यक्ती ते दोन-तीन आठवड्यांत शिकते. एवढ्यासाठी पैसे भरून मिळणारे प्रमाणपत्र मागितले, तर ज्याच्या घरी पैसे होते तोच अर्ज करतो. म्हणून जाहिरातीत दोन वेगळे भाग केले: पहिल्या दिवशी यायलाच हवे ते, आणि आम्ही शिकवू ते. माझ्या मते साऱ्या जाहिरातीत ही विभागणीच सर्वांत उपयोगाची आहे. अटींची लांबलचक यादी पाहून पाड्यावरची मुलगी पहिल्या न जुळणाऱ्या अटीशी थांबते. शहरात शिकलेला मुलगा मात्र निम्म्या अटी जुळल्या तरी अर्ज टाकतो. यादी लांबवून आपण अधिक लायक माणसे निवडत नाही, फक्त अधिक धीट माणसे निवडतो.

‘स्मार्ट’, ‘हसतमुख’ आणि फोटो हे तिन्ही शब्द चेहऱ्याकडे बोट दाखवतात. अर्ज चाळताना फोटो दिसला की रंग, कपडे, गोंदण यांवर नकळत मत बनते, आणि मत बनवणाऱ्याला ते मान्यही नसते. फोटोची अटच काढली. ‘हसतमुख’ऐवजी आम्ही लिहिले, ‘घाबरलेल्या किंवा रागावलेल्या माणसाशी शांतपणे बोलता येणे’. कारण आपल्या खिडकीवर तेच लागते.

‘अविवाहित’ या शब्दामागचा विचार सगळ्यांना ठाऊक आहे: लग्न झालेली बाई बाळंतपणाची रजा घेईल. घेईल, आणि ती तिच्या हक्काची आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या संस्थेत, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे. त्या काळात बदली माणूस ठेवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरायचा असतो. तो जाहिरातीतल्या एका शब्दात लपवायचा नसतो.

मसुद्याच्या दुसऱ्या प्रतीत कुणीतरी पेनने ‘निरोगी व सुदृढ’ असे जोडले होते. हा शब्द साधा दिसतो, पण नंदुरबार जिल्ह्यात तो फार लोकांना बाहेर ठेवतो, कारण आपल्या भागात सिकलसेल घराघरांत आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत आणि त्यांत सिकलसेल आहे. जिला वर्षातून दोन-चार वेळा अंगदुखीचे कठीण दिवस येतात, तिला बाकीचे दिवस खुर्चीवर बसून केसपेपर काढता येतो. तसेच एचआयव्हीची तपासणी ही नोकरीची अट करता येत नाही, असे २०१७ चा कायदा सांगतो. म्हणून आरोग्याविषयी एकही अट ठेवली नाही. काम काय आहे ते लिहिले आणि कुणाला काही सोय लागत असेल तर सांगा असे म्हटले.

पण इथे सावध राहायला हवे. ‘दिव्यांग बांधवांचे स्वागत’ असे लिहून मोकळे होणे सोपे आहे. कुबड्या घेऊन आलेल्या माणसाला शौचालयापर्यंत दोन पायऱ्या लागल्या, तर त्या स्वागताला काय अर्थ? आपल्या दवाखान्याच्या दाराशी उतार आहे, खिडकीच्या आत टेबल बसून काम करण्याच्या उंचीचे आहे, आणि कर्मचाऱ्यांच्या शौचालयाला अजून दोन पायऱ्या आहेत. जाहिरातीत हे जसे आहे तसे लिहिले. ज्याला यायचे त्याने ते वाचून ठरवावे, आणि आपल्यालाही ते छापलेले पाहून त्या पायऱ्यांचे काही करावेसे वाटावे.

आता पगार. ‘आकर्षक पगार’ म्हणजे किती, हे विचारायला गरीब घरातली मुलगी कचरते. ती आठ-दहा मैलांवरून भाडे भरून येते आणि आकडा ऐकून परत जाते. म्हणून आकडा छापायचा, आणि हातात पडणारा छापायचा. आपल्या जागेचा पगार महिना १५,००० रुपये आहे. कमिटीने तो या कामाच्या शासकीय किमान वेतनाशी ताडून पाहिला आहे. संस्थेत वीसहून अधिक कर्मचारी असल्याने भविष्य निर्वाह निधी लागू आहे, त्याचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. संस्था आपल्याकडून तेवढेच वेगळे भरते. उरले १३,२००. पुढे व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो नाही, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांनाही नाही. इतर पुरुषांना या पगारावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये लागतो. म्हणजे एकाच जागेवर बाईच्या हाती १३,२०० आणि पुरुषाच्या हाती १३,००० येतात. पहिल्या महिन्यात पगार घेताना ‘पंधरा सांगितले होते, दोन हजार कुठे गेले?’ असा प्रश्न पडू नये, म्हणून हे आधीच लिहायचे.

‘कायम नोकरीची संधी’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपले. आपल्या भागात ‘परमनंट’ या शब्दावर सोयरिकी ठरतात आणि कर्जे काढली जातात. या जागेचा खर्च ज्या देणगीतून होणार आहे ती एका वर्षासाठी मंजूर आहे. पुढच्या वर्षाची आशा आहे, प्रार्थनाही आहे. पण जाहिरातीत आशेची भर घालून वर्षाची दोन वर्षे होत नाहीत. म्हणून मुदत एक वर्ष, आणि वाढ झाली तर कशावर अवलंबून राहील, एवढेच लिहिले. ‘सेवेची संधी’, ‘कुटुंबासारखे वातावरण’ हे शब्दही काढले. पहिल्या शब्दाआड कमी पगार लपतो, दुसऱ्याआड वेळेनंतरचे काम. कुणी सेवा म्हणून हे काम करील तर आनंद आहे, पण ते त्याने ठरवायचे.

ज्या एका मुद्द्यावर कमिटीत खरी चर्चा झाली तो शेवटी घेतो. काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की मंडळीचा पैसा, मंडळीचा दवाखाना, मग पाळकसाहेबांचे शिफारसपत्र मागितले तर काय बिघडले? त्यांची भावना मी समजतो. आपल्या मुलांना काम नाही हे मलाही दिसते. पण खिडकीवर येणारा रोगी कुठल्याही देवाला मानणारा असतो, आणि आत बसलेली व्यक्ती केवळ आपल्यातलीच नेमली जाते असे एकदा गावात झाले की क्षयाची गोष्ट, पोटातल्या बाळाची गोष्ट तिच्यापाशी सांगताना लोक अडखळतात. शिवाय शिफारसपत्र मागितले की पत्र देणाऱ्यावर ओझे येते आणि ज्याला पत्र मिळत नाही तो अर्जच करत नाही. शेवटी कमिटीने शिफारशीची अट ठेवली नाही, आणि सकाळच्या प्रार्थनेला बसणे ऐच्छिक आहे हेही स्पष्ट लिहिले.

तर जाहिरात अशी आहे.

*रिसेप्शनिस्ट पाहिजे (जागा १)*
*अर्जाची शेवटची तारीख: ३१ ऑगस्ट, सायंकाळी ४ पर्यंत*

*काम:* रुग्णांची नोंद करून केसपेपर काढणे, टोकन देणे, केसपेपरचे पैसे घेणे व रोजचा हिशेब लिहिणे, फोन घेणे, तातडीचा रुग्ण आल्यास लगेच सिस्टरला बोलावणे. रुग्णांची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

*वेळ:* सोमवार ते शनिवार, सकाळी ८.३० ते दुपारी ४.३०, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. रविवारी सुट्टी. रात्रपाळी नाही.

*आवश्यक:* वय १८ पूर्ण. वरची वयोमर्यादा नाही. १० वी उत्तीर्ण. मराठी लिहिता-वाचता येणे. मावची समजणे व बोलता येणे. घाबरलेल्या किंवा रागावलेल्या माणसाशी शांतपणे बोलता येणे.

*आम्ही शिकवू:* संगणकावर नोंद करणे, हिशेबाची वही, तातडीची लक्षणे ओळखणे. अनुभवाची अट नाही.

*पगार:* महिना १५,००० रुपये. भविष्य निर्वाह निधी कापून १३,२०० रुपये; ज्यांना व्यवसाय कर लागू आहे त्यांना १३,००० रुपये (फेब्रुवारीत १२,९००). पहिल्या महिन्यापासून हाच पगार. वर्षाला १२ किरकोळ व ७ आजारपणाच्या रजा.

*मुदत:* एक वर्ष. पहिले ३ महिने शिकण्याचे व पारखण्याचे. पुढची मुदत निधी व काम पाहून ठरेल. नोकरी कायम होईल असे आश्वासन नाही. राहण्याची सोय नाही.

*कोण अर्ज करू शकते:* स्त्री, पुरुष, तृतीयपंथी. विवाहित, अविवाहित, विधवा, परित्यक्ता. कोणत्याही जातीचे, जमातीचे व धर्माचे. दिव्यांग व्यक्तींनी जरूर अर्ज करावा. दाराशी उतार आहे, काम बसून करता येते, शौचालयाला सध्या दोन पायऱ्या आहेत. काही सोय लागत असल्यास अर्जात लिहावे. सकाळची प्रार्थना ऐच्छिक आहे. शिफारसपत्र लागत नाही.

*अर्ज कसा करावा:* साध्या कागदावर मराठीत, नाव, गाव, शिक्षण व येणाऱ्या बोली लिहून दवाखान्याच्या खिडकीवर द्यावा. फोटो नको. दाखल्यांच्या फक्त झेरॉक्स द्याव्यात. मूळ कागद कुणीही ठेवून घेणार नाही. अर्जाला, मुलाखतीला किंवा नेमणुकीला कोणतेही पैसे लागत नाहीत. कुणी मागितल्यास दवाखान्यात कळवावे.

*निवड:* अर्ज केलेल्या व अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोलावू. तीन केसपेपर लिहून दाखवणे व थोडे बोलणे, एवढीच परीक्षा. एसटीचे येण्याजाण्याचे भाडे देऊ. निकाल हो किंवा नाही, सर्वांना १५ सप्टेंबरपर्यंत कळवू.

वेळेविषयी एक गोष्ट. साडेचार ही वेळ सोयीची म्हणून नव्हे, तर त्यानंतर पाड्यांकडे जाणारी शेवटची एसटी मिळावी म्हणून ठरवली आहे. सहापर्यंत खिडकी ठेवली असती तर मोटारसायकल असलेल्या पुरुषालाच हे काम करता आले असते, मग जाहिरातीत स्त्रियांचे कितीही स्वागत केले असते तरी. ऑगस्ट महिनाही तसाच निवडला. दिवाळीच्या आसपास कितीतरी घरे ऊसतोडीला गुजरातेत निघून जातात. नोव्हेंबरात लावलेली जाहिरात रिकाम्या झोपड्यांना वाचून दाखवल्यासारखी होते.

परीक्षेत काय करणार तेही सांगतो. मावची बोलणारी एक आजी समोर बसेल आणि आपले नाव, गाव, तक्रार सांगेल. वय तिला ठाऊक नाही. उमेदवाराने केसपेपर भरायचा. दुसऱ्या केसपेपरच्या वेळी मध्येच एक बाई धापा टाकणारे मूल घेऊन येईल, म्हणजे तसे सोंग करील. उमेदवार पेन खाली ठेवतो की ‘रांगेत या’ म्हणतो, ते आम्ही पाहू. सगळ्यांना तेच तीन केसपेपर, तेच प्रश्न, आणि तीन परीक्षक आपापले गुण वेगळे लिहितील. कमिटीतल्या कुणाचे नातेवाईक उमेदवार असतील तर ती व्यक्ती त्या दिवशी परीक्षक नसेल.

आपणाकडून एवढेच हवे आहे. जाहिरात वाचून दाखवताना पूर्ण वाचा, आणि शक्य तिथे मावचीत पुन्हा सांगा. ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठी कागद दाराशी लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवताना कागदाचा फोटो पाठवा, स्वतः टाईप करू नका. टाईप करताना पहिल्यांदा शेवटची तारीख गळते, मग ‘एक वर्ष’ गळते, आणि तिसऱ्या गावी पोचेपर्यंत ‘मिशनमध्ये परमनंट जागा’ एवढेच उरते. एखाद्या मुलीला ‘तुझे नक्की होईल’ असे सांगू नका. अर्ज लिहायला मात्र जरूर मदत करा, शब्द तिचेच ठेवून.

जाहिरात लागल्यावर खिडकीपाशी एक वही ठेवली जाईल. लोक येऊन जे जे विचारतील ते सिस्टर तीत लिहून ठेवतील. एकच प्रश्न तिघांनी विचारला, तर तो विचारणाऱ्यांचा दोष नाही. जाहिरातीत ती गोष्ट नीट आलेली नाही, असे धरून उत्तर कागदाच्या खाली जोडले जाईल. आपल्या गावात कुणी काही विचारले आणि आपणास उत्तर ठाऊक नसले, तर अंदाजाने सांगू नका. प्रश्न त्या वहीत लिहायला पाठवा.